एकाच ऊतकातील जनुक निकामी करण्याची रीत
उंदराच्या मेंदूवरील मुंबईच्या एका संशोधनाचा परिचय

प्राण्याच्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच पूर्ण संच असतो. यकृताच्या पेशीत जी जनुके आहेत तीच मेंदूच्या पेशीतही आहेत. फरक पडतो तो कोणत्या पेशीत कोणती जनुके केव्हा जागी होतात यामुळे. शिवाय निसर्ग काटकसरी आहे. एकच जनुक गर्भाच्या एका भागात डोळा घडविण्यासाठी, दुसऱ्या भागात रक्त तयार करण्यासाठी आणि पुढे आणखी तिसऱ्याच कामासाठी वापरले जाते. त्यामुळे “अमुक जनुक काय काम करते?” हा प्रश्न अपुरा ठरतो. ते कोठे आणि केव्हा काय करते, असे विचारावे लागते. या प्रश्नाचे उत्तर मिळविण्याची एक रीत गेल्या काही दशकांत रूढ झाली असून तिच्यात ‘क्रे’ नावाचे विकर वापरतात. मुंबईच्या कुलाबा भागातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेने या रीतीने ‘एलएचएक्स-२’ नावाच्या जनुकाचा अभ्यास केला. त्या अभ्यासाच्या आधारे ही रीत येथे समजावून देत आहोत.

सर्वत्र निकामी केल्यास काय होते?

एखाद्या जनुकाचे कार्य जाणण्याचा सरळ मार्ग म्हणजे ते निकामी करून पाहणे. यंत्राचा एखादा भाग काढल्यावर काय बंद पडते, त्यावरून त्या भागाचे काम कळते. तसाच हा प्रकार आहे. उंदराच्या बाबतीत हे शक्य झाले ते मूलपेशींमधील जनुकांत हवा तसा बदल करून त्या पेशींपासून उंदीर जन्माला आणण्याचे तंत्र साधले म्हणून. मारियो कॅपेची, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना या कार्याबद्दल २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एलएचएक्स-२ हे जनुक अशा रीतीने पूर्णपणे निकामी केल्याचा वृत्तांत १९९७ साली अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्या गर्भांना डोळे आले नाहीत, मेंदूचा पुढील भाग नीट वाढला नाही आणि तांबड्या रक्तपेशी पुरेशा तयार न झाल्याने ते जन्मापूर्वीच मरण पावले. हे जनुक अत्यावश्यक आहे एवढे त्यावरून सिद्ध झाले. परंतु हेच जनुक मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे मेंदूच्या वरच्या आवरणासारख्या थरात, जन्मानंतरही जागे असते. तेथे ते काय करते, हे पाहायला पिल्लूच उरले नाही. घराचा पायाच घातला नाही तर माडीवरच्या खोलीची खिडकी कशासाठी होती, हे कसे कळणार?

मिशांचे वाफे

ज्या प्रश्नाचे उत्तर हवे होते तो असा. उंदीर अंधारात वावरतो आणि डोळ्यांपेक्षा मिशांवर अधिक विसंबतो. त्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंस मोठ्या मिशांच्या पाच रांगा असतात. प्रत्येक मिशीचा स्पर्श मज्जातंतूंतून प्रथम मेंदूच्या देठाकडे, तेथून मेंदूच्या आत खोल असलेल्या थॅलॅमस या केंद्राकडे आणि तेथून बाह्यकाकडे जातो. बाह्यकाच्या चौथ्या थरात प्रत्येक मिशीसाठी पेशींचा एक स्वतंत्र पुंजका असतो. हे पुंजके मिशांच्याच क्रमाने, रांगेत रांग धरून मांडलेले असतात. १९७० साली वूल्सी आणि व्हॅन डेर लूस या शास्त्रज्ञांनी त्यांचे वर्णन केले आणि त्यांच्या आकारावरून त्यांना ‘पिंप’ या अर्थाचे इंग्रजी नाव दिले. आपल्या सोयीसाठी आपण त्यांना वाफे म्हणू; कारण वरून पाहिल्यास ते बांध घातलेल्या वाफ्यांसारखेच दिसतात आणि थॅलॅमसकडून येणारे तंतू पाटाच्या पाण्याप्रमाणे त्यांत पसरतात. पिल्लाच्या जन्मानंतर पहिल्याच आठवड्यात हे वाफे तयार होतात.

हे वाफे पाडतो कोण? पाण्याने आपली वाट आपणच करून घ्यावी, त्याप्रमाणे थॅलॅमसचे तंतू येऊन बाह्यकाच्या पेशींची मांडणी करतात की बाह्यकाच्या पेशींचीही काही स्वतःची तयारी लागते? जन्मल्यानंतर पहिल्या काही दिवसांत मिशीचे मूळच नष्ट केले तर तिचा वाफा नीट बनत नाही, हे पूर्वीच ठाऊक झाले होते. म्हणजे पाण्याचा वाटा निश्चित होता. जमिनीचा वाटा किती, हे पाहायचे होते. येथे अडचण अशी की एलएचएक्स-२ हे जनुक थॅलॅमसमध्येही असते आणि बाह्यकातही असते. दोन्हीकडून ते काढले आणि वाफे पडले नाहीत, तर दोष पाटाचा की शेताचा, हे सांगता येत नाही. म्हणून पाट जसाच्या तसा ठेवून केवळ शेतातून ते जनुक काढणे भाग होते.

दोन खुणा आणि एक कात्री

हे काम साधणारे विकर उंदरातले नाही आणि माणसातलेही नाही. जिवाणूंवर जगणारा पी-१ नावाचा एक विषाणू आहे. त्याच्या जनुकद्रव्यात ३४ अक्षरांची एक ठरावीक खूण असते. तिला ‘लॉक्स-पी’ म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना १३-१३ अक्षरे अशी असतात की एका बाजूची ओळ दुसऱ्या बाजूच्या ओळीचे आरशातील प्रतिबिंब वाटावी. मधल्या ८ अक्षरांमुळे खुणेला दिशा प्राप्त होते. क्रे हे विकर दोन लॉक्स-पी खुणा ओळखते, त्यांना जवळ आणते, तेथे जनुकद्रव्य कापते आणि मोकळी टोके पुन्हा जोडते. दोन्ही खुणांची दिशा एक असेल तर त्यांच्यामधला तुकडा कडे होऊन बाहेर पडतो, आणि मूळ धाग्यावर फक्त एक खूण शिल्लक राहते. खुणा परस्परविरुद्ध दिशेच्या असतील तर मधला तुकडा जागच्या जागी उलटा होतो. विषाणूतील ही व्यवस्था नॅट स्टर्नबर्ग यांनी १९८१ च्या सुमारास उलगडली. ब्रायन सॉअर यांनी ती सस्तन प्राण्यांच्या पेशींत चालते हे १९८८ मध्ये दाखविले. जर्मनीतील क्लाउस राजेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये तिचा उपयोग करून उंदराच्या केवळ एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींतील जनुक काढून दाखविले.

या रीतीत दोन प्रकारचे उंदीर लागतात.

पहिल्या प्रकारच्या उंदरात इच्छित जनुकाच्या महत्त्वाच्या भागाच्या अलीकडे व पलीकडे एकेक लॉक्स-पी खूण बसविलेली असते. या खुणा जनुकाच्या अशा भागात घालतात की ज्याचा उपयोग प्रथिन बनविताना होत नाही. त्यामुळे खुणा असूनही जनुक नेहमीसारखे काम करते आणि उंदीर धडधाकट असतो. पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने दोन खुणा केल्या म्हणून मजकूर बदलत नाही, तसे हे आहे.

दुसऱ्या प्रकारच्या उंदरात क्रे बनविण्याचे जनुक घातलेले असते. ते जनुक केवळ एका ऊतकात जागे होणाऱ्या एखाद्या जनुकाच्या ताब्यात दिलेले असते. बाह्यकाच्या अभ्यासासाठी ‘ईएमएक्स-१’ या जनुकाचा ताबा उपयोगी पडतो, कारण गर्भावस्थेत ते मेंदूच्या पुढील भागाच्या वरच्या बाजूस, म्हणजे जेथून बाह्यक घडते तेथे जागे असते, थॅलॅमसमध्ये नसते. अशा उंदरात क्रे बाह्यकाच्या मूळ पेशींत तयार होते, थॅलॅमसमध्ये होत नाही. त्याला कापण्याजोग्या खुणा मात्र नसल्याने तोही नेहमीसारखाच राहतो.

या दोहोंचा संकर केला की ज्या पिल्लात खुणाही आहेत आणि कात्रीही आहे, त्याच्या बाह्यकातून जनुक कापले जाते. पेशी विभागली की तिच्या सर्व वंशज पेशींतही ते नसते. थॅलॅमस, डोळे, रक्त आणि यकृत यांत ते शाबूत राहते.

पैदाशीचा हिशेब

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही प्रती कापल्या गेल्याशिवाय जनुकाचा अभाव होत नाही. म्हणून पैदास दोन पिढ्यांत करावी लागते. पहिल्या पिढीत खुणांचा उंदीर आणि क्रेचा उंदीर यांचा संकर करून असा नर निवडतात की ज्याच्या एका प्रतीवर खुणा आहेत आणि ज्याच्यात क्रेही आहे. या नराचा संकर दोन्ही प्रतींवर खुणा असलेल्या मादीशी करतात. मादीकडून प्रत्येक पिल्लास खुणांची प्रत मिळतेच. नराकडून ती मिळण्याची शक्यता निम्मी. क्रे मिळण्याची शक्यताही निम्मी. एलएचएक्स-२ आणि ईएमएक्स-१ ही जनुके उंदराच्या निरनिराळ्या गुणसूत्रांवर असल्याने हे दोन्ही योग एकमेकांवर अवलंबून नाहीत. अर्ध्याचे अर्धे म्हणजे चौथा हिस्सा. आठ पिल्लांच्या वेतात सरासरीने दोन पिल्ले उपयोगाची निघतात. कधी एकही निघत नाही. या प्रयोगांना वर्षे का लागतात, याचे एक कारण येथे आहे.

उरलेली सहा पिल्लेही व्यर्थ जात नाहीत. तीच तुलनेसाठी लागतात. खुणा आहेत पण क्रे नाही अशी पिल्ले एक तुलना पुरवितात. क्रे आहे पण एकच प्रत खुणांची आहे अशी पिल्ले दुसरी तुलना पुरवितात. ही दुसरी तुलना वगळून चालत नाही. क्रे स्वतःच काही पेशींना अपाय करू शकते, आणि ते ईएमएक्स-१ च्या जागी बसविले असेल तर त्या जनुकाची एक प्रतही बिघडते. दिसलेला दोष क्रेमुळे आला की एलएचएक्स-२ च्या अभावामुळे, हे केवळ या भावंडांवरून ठरते. आपल्या देशात असे प्रयोग करताना प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखालील समितीचे नियम पाळावे लागतात आणि किती उंदीर कशासाठी लागणार हे आधी मांडावे लागते. म्हणूनही हा हिशेब आरंभीच करतात.

कात्री भलतीकडे चालली तर?

या रीतीचा सर्व भरवसा कात्री नेमक्या जागी चालली यावर आहे. ती चालली की नाही, हे तीन प्रकारे तपासतात.

पहिली तपासणी शेपटीच्या टोकाच्या लहानशा तुकड्यावर होते. त्यातील जनुकद्रव्याच्या प्रती वाढवून ते जेलमधून सरकविले की लांबीप्रमाणे पट्टे दिसतात. खुणा असलेल्या प्रतीचा पट्टा मूळ प्रतीच्या पट्ट्याहून किंचित लांब तुकड्याचा असतो. कापल्या गेलेल्या प्रतीचा वेगळाच येतो. शेपटी ही काही बाह्यक नव्हे. तेव्हा शेपटीत कापलेल्या प्रतीचा पट्टा दिसला तर समजावे की कात्री भलतीकडे चालली. काही वेळा क्रे बापाच्या किंवा आईच्या बीजपेशीतच जागे होते आणि मग पिल्लाच्या सर्व शरीरात जनुक कापलेले असते. असे पिल्लू बाजूला काढावे लागते, नाहीतर ‘बाह्यकापुरता’ प्रयोग नकळत ‘सर्व शरीराचा’ होऊन बसतो.

दुसरी तपासणी रंगाने होते. क्रेच्या उंदराचा संकर एका सूचक उंदराशी करतात. या सूचक उंदरात रंग देणारे एक जनुक असते. पण त्याच्या आधी दोन लॉक्स-पी खुणांमध्ये एक अडसर घातलेला असतो. क्रेने अडसर कापला की ती पेशी आणि तिचे वंशज कायमचे रंगतात. मेंदूचे पातळ काप काढून पाहिले की बाह्यक रंगलेले आणि थॅलॅमस कोरा दिसायला हवा.

तिसरी तपासणी प्रत्यक्ष जनुकाची. कापल्यानंतरही आधी बनलेले संदेश आणि प्रथिने पेशीत काही काळ उरतात. विहिरीचा पंप बंद केला तरी टाकीतले पाणी लगेच संपत नाही. म्हणून जनुक कापले गेल्याचा दिवस आणि त्याचे काम थांबल्याचा दिवस एकच धरता येत नाही. एलएचएक्स-२ चा संदेश बाह्यकातून खरोखर नाहीसा झाला आहे हे स्वतंत्रपणे पाहावे लागते.

मुंबईच्या प्रयोगात काय आढळले?

टाटा संस्थेतील या गटाने २०१३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेंदूतील विद्युत्संकेतांच्या नोंदींसाठी हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राचे सहकार्य होते. बाह्यकाची प्राथमिक ओळख ठरून गेल्यानंतर, म्हणजे गर्भाच्या साडेअकराव्या दिवसापासून, ज्यात क्रे काम करू लागते असा उंदीर त्यांनी निवडला होता. उंदराचा गर्भकाळ सुमारे १९ ते २० दिवसांचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या वेळेचा अंदाज येईल.

या पिल्लांच्या बाह्यकात वाफे दिसलेच नाहीत. तेवढ्यावरून पाट फुटला असेल असे कोणासही वाटले असते. पण थॅलॅमसचे तंतू बाह्यकाच्या योग्य त्या भागात पोहोचले होते. पाणी शेतापर्यंत आले होते, वाफे मात्र बांधले गेले नव्हते.

विद्युत्संकेतांच्या नोंदींनी हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगितली. एकेक मिशी स्वतंत्रपणे हलविली असता बाह्यकात प्रतिसाद उमटत नसे. अनेक मिशा एकदम हलविल्या तर मात्र तो उमटे. म्हणजे संदेशवहन सर्वस्वी तुटले नव्हते. प्रत्येक मिशीला तिची स्वतंत्र जागा देणारी मांडणी हरवली होती. थॅलॅमसमध्ये जनुक शाबूत असताना हे घडले, यावरून वाफे पाडण्यासाठी बाह्यकातील एलएचएक्स-२ आवश्यक आहे, असा निष्कर्ष निघाला. सर्व शरीरातून जनुक काढणाऱ्या जुन्या रीतीने तो निघणे शक्य नव्हते.

दिवस बदलला की उत्तर बदलते

जनुक कोठे काढले याइतकेच ते केव्हा काढले याला महत्त्व आहे. त्याच जनुकाच्या बाबतीत याची तीन उदाहरणे मिळतात. टोळे यांचा गट आणि कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथील एडविन मोनुकी यांचा गट यांनी २००८ साली दाखविले की अगदी आरंभी हे जनुक नसलेल्या पेशी बाह्यक होतच नाहीत. मेंदूच्या आतल्या बाजूच्या अशा पेशी बाह्यकाच्या काठाच्या पेशी बनतात, आणि हा काठ शेजारच्या पेशींना हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणाशी संबंधित भाग, घडविण्याचा संकेत देतो. पुढल्या वर्षी अमेरिकेतील साल्क संस्थेच्या संशोधकांनी साडेदहाव्या दिवसाच्या सुमारास ईएमएक्स-१ च्याच ताब्यातील क्रेने ते काढले. तेव्हा बाह्यकाच्या बाजूच्या भागाला वास ओळखणाऱ्या बाह्यकाचे रूप आले. आणि मुंबईच्या २०१३ च्या प्रयोगात, एका दिवसाच्या अंतराने, बाह्यक बाह्यकच राहिले. त्यातील वाफे गेले.

येथे शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘ईएमएक्स-१ क्रे’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या प्रयोगशाळांनी केलेले उंदीर आहेत आणि त्यांतील कात्री एकाच दिवशी चालू होत नाही. केवळ नाव पाहून दोन प्रयोगांची तुलना केल्यास ते परस्परविरोधी वाटतील. दिवस पाहिला की विरोध उरत नाही.

या निष्कर्षाची मर्यादा

मुंबईच्या प्रयोगात जनुक बाह्यकाच्या मूळ पेशींतून काढले होते. मूळ पेशींतून काढले की तिच्यापासून पुढे बनणाऱ्या प्रौढ चेतापेशींतूनही ते आपोआप जाते. शिवाय त्या उंदरांच्या बाह्यकाची एकूण घडणही बरीच बिघडली होती. मग वाफे न पडण्याचे कारण मूळ पेशींची वाढ बिघडली हे, की प्रौढ चेतापेशींत हे जनुक नव्हते हे? ऊतक एकच असले तरी त्यातील पेशींच्या दोन अवस्था या रीतीने वेगळ्या झाल्या नव्हत्या. आणखी एक गोष्ट अशी की बाह्यकातील सर्वच पेशी तेथे जन्मत नाहीत. इतर पेशींना आवर घालणाऱ्या चेतापेशी मेंदूच्या खालच्या भागातून स्थलांतर करून येतात. त्यांना ईएमएक्स-१ ची कात्री लागत नाही. म्हणून ‘बाह्यकातून जनुक काढले’ या वाक्याचा खरा अर्थ ‘बाह्यकात जन्मलेल्या पेशींतून काढले’ असा घ्यावा लागतो.

पहिल्या शंकेचे उत्तर तैवानमधील एका गटाने २०१७ मध्ये शोधले. त्यांनी वेगळी कात्री घेतली. ‘नेक्स’ नावाच्या जनुकाच्या ताब्यातील क्रे मूळ पेशींत काम करत नाही. पेशीचे विभाजन थांबून ती चेतापेशी होऊ लागली की मगच ते जागे होते. या उंदरांत मूळ पेशींची वाढ एलएचएक्स-२ च्या उपस्थितीतच होत होती. तरीही थॅलॅमसच्या तंतूंना बाह्यकात पुरेशा शाखा फुटल्या नाहीत आणि वाफे नीट बनले नाहीत. याचा अर्थ असा की जमिनीची मशागत आधी झाली असली तरी पाणी येण्याच्या वेळी बाह्यकाच्या चेतापेशींत हे जनुक जागे असावे लागते. शेत आणि पाट यांतील दोष वेगळा करण्यासाठी जी रीत वापरली, तीच एका ऊतकातील पेशींच्या दोन अवस्था वेगळ्या करण्यासाठी चालली. बदलावा लागला तो फक्त क्रेचा ताबा.